मावळत्या दिनकरा : मूड कुठला, टोन कुठला

भाची अकरावीला आहे, तिच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचा टोन सांगा असा प्रश्न होता आणि हिने लिहिलं 'सॅड', मार्क शून्य. मग मला फोन. मामा, कविता सॅडच होती ना, मग चुकलं कुठे? मी म्हटलं सॅड होतं ते कवितेतलं वातावरण गं, तुला विचारलं होतं बोलणारा कुठल्या सुरात बोलतोय. ती म्हणाली एकच झालं की. आणि खरं सांगू का, हा घोळ फक्त तिचा नाही, आपण मराठीत मूड हा शब्द माणसाला चिकटवून टाकलाय, 'आज मूड नाही', 'साहेबांचा मूड बघून बोल', त्यामुळे कवितेचा मूड म्हटलं की आपण थेट कवीचा मूड शोधायला लागतो.

तिला समजावताना भा. रा. तांब्यांचं 'मावळत्या दिनकरा' घेतलं, कारण ते तिने ऐकलेलं होतं. लताबाईंच्या आवाजातलं, हृदयनाथांच्या चालीतलं. तिला विचारलं, ऐकून काय वाटतं? म्हणाली शांत, संध्याकाळी गॅलरीत एकटं बसल्यासारखं, थोडं उदास. बरोबर, हा झाला मूड. ऐकणाऱ्याभोवती जे साचतं ते. आता गाणं बंद कर आणि नुसते शब्द वाच म्हटलं.

मावळत्या दिनकरा, अर्घ्य तुज जोडुनि दोन्ही करां
जो तो वंदन करी उगवत्या,
जो तो पाठ फिरवि मावळत्या,
रीत जगाची ही रे सवित्या!

आता यात संध्याकाळ कुठे आहे सांगा. लाल आभाळ नाही, घरट्याकडे निघालेले पक्षी नाहीत, दिवेलागण नाही. गाण्यात जी कडवी येतात त्यांत संध्याकाळचं वर्णन म्हणून 'मावळत्या' एवढा एक शब्द आहे, आणि दोन जोडलेले हात. अर्घ्य म्हटलं की बहुतेकांना सकाळच आठवते (सायंसंध्येतही असतं ते, पण आता कोण करतंय), इथे मात्र हातात पाणीसुद्धा नाही, जोडलेले हात हेच अर्घ्य. तरी आख्खी संध्याकाळ उभी राहते. त्यातलं बरंच काम 'आ' हा स्वर करतो. दिनकरा, करां, आणि पुढे प्रत्येक कडव्याच्या शेवटी परा, शरा, खरा. प्रत्येक कडवं फिरून त्या लांब, उघड्या 'आ'वर येऊन टेकतं, वाचतानासुद्धा तिथे थांबावंच लागतं, घाई करताच येत नाही. मूड असा तयार होतो, चित्र, स्वर, गती यातून. तो कुणी कुणाला सांगितलेला नसतो.

टोनचं तसं नाही. टोनला बोलणारा लागतो आणि ज्याच्याशी किंवा ज्याच्याबद्दल बोलतोय तो लागतो. आई 'ये जेवायला' म्हणते आणि रात्री अकराला घरी आल्यावर 'या जेवायला' म्हणते, शब्द जवळजवळ तेच, पण दुसऱ्या वेळी आपण चपला काढायच्या आधीच समजून जातो. तो टोन.

आता त्या नजरेने बघा. 'ही रे सवित्या' मधला 'रे' बघा. साक्षात सूर्याला अरे-तुरे. मराठीत देवाला आपण तू म्हणतोच, पण इथे जगाची रीत सांगता सांगता तो 'रे' येतो, म्हणजे पारावर शेजारी बसलेल्या जुन्या मित्राला सांगावं तसा, बघ रे, लोक असे असतात. आदर आहेच पण भीती नाही, जवळीक आहे. आणि पुढच्याच कडव्यात काय आहे?

उपकाराची कुणा आठवण?
'शितें तोंवरी भूतें' अशी म्हण;
जगांत भरलें तोंडपुजेपण

भाची इथे हसली, म्हणाली हे तर टोमणे आहेत. आहेतच! 'शितें तोंवरी भूतें' ही काही गॅलरीतल्या शांत संध्याकाळची भाषा नाही, ही ओट्यावर बसून नातेवाइकांबद्दल बोलायची भाषा आहे. इतकी वर्षं ते गाणं ऐकून माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं की मध्यात एवढा कडवटपणा आहे, कारण चाल मूडच्या बाजूने इतकी भक्कम उभी आहे की टोन तिच्याखाली झाकला जातो. म्हणून मी म्हणतो, मूड कळायला गाणं ऐकलं तरी चालेल पण टोन पकडायचा तर कागदावर वाचा.

अजून एक गंमत म्हणजे या कवितेत टोन एक नाहीच. सूर्याशी बोलताना एक आणि जगाबद्दल बोलताना दुसरा, आणि शेवटी 'मनी न धरिले सानथोरपण, समदर्शी तू खरा' असं म्हणताना परत सूर्याकडे वळून निव्वळ आदर. एका छोट्या कवितेत टोन दोनदा वळला. मूड मात्र तसा पलट्या मारत नाही, तो या सगळ्याचा गाळ बसावा तसा खाली बसत जातो, सुरुवातीची शांतता शेवटीही आहे पण मधला कडवटपणा त्यात विरघळलाय, म्हणून ती जरा जड झालीय.

वेगळं करून बघायचं असेल तर मोडतोड करून बघा, मी भाचीला हेच करायला लावलं. 'मावळत्या दिनकरा' ऐवजी 'मावळत्या दिनकराला' करा, आणि तो 'रे' काढा. संध्याकाळ आहे तिथेच आहे पण बोलणं संपलं, बातमी झाली, कुणीतरी कुणालातरी अर्घ्य दिलं अशी. टोन गेला, मूड बराचसा राहिला. आता उलट करा, 'रे' ठेवा, सगळं ठेवा, फक्त पहिल्या ओळीत 'मावळत्या'चं 'उगवत्या' करा. संध्याकाळ तर गेलीच, पण बोलणाराही गोत्यात आला, कारण आता तो स्वतःच उगवत्याला हात जोडतोय आणि वर उगवत्याला हात जोडणाऱ्यांना नावं ठेवतोय. म्हणजे दोन्ही वेगळे असले तरी सुटे नाहीत, त्याच्या टोमण्याला जो अधिकार आहे तो त्याने संध्याकाळी हात जोडले म्हणून आहे.

पेपरसाठी एवढंच लक्षात ठेव म्हटलं, टोन विचारला तर बोट ठेवायला शब्द दाखवता आला पाहिजे, 'रे', 'तोंडपुजेपण', असं काहीतरी. मूडबद्दल दोन माणसांचं थोडं वेगळं मत असू शकतं, कुणाला ती शांतता उदास वाटेल कुणाला समाधानी, पण तोंडपुजेपण हे कौतुक आहे असं कुणी म्हणू शकत नाही.

यावरून आमच्या थोरल्या काकांचा सेंडऑफ आठवला. ऑफिसच्या हॉलमध्ये समोसे, नारळ, शाल, आणि शेवटी काकांनी स्वतः आणलेलं हे गाणं लावायला सांगितलं. सगळे एकदम गंभीर, दोघीतिघींनी डोळे पुसले, काय सुंदर निवड सर वगैरे. काका मात्र पहिल्या रांगेत बसलेल्या, आठवडाभर नव्या साहेबांच्या केबिनबाहेर घुटमळणाऱ्या मंडळींकडे बघत गालातल्या गालात हसत होते.