अँटिकिथेरा यंत्र: 223 दात्यांचा हिशेब

"दोन हजार वर्षांपूर्वी असं यंत्र माणसाला जमणं शक्यच नाही, ते परग्रहवासीयांचंच!" असा एक दावा केला जातो. पण यंत्रच वेगळं सांगतं.

ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 साली वर आलेल्या, ग्रहणं आधीच सांगणाऱ्या या दातेरी चाकांच्या यंत्रावर ग्रीक मजकूर आहे, आणि त्यातलं गणित बॅबिलोनच्या ग्रहण-नोंदींतलं. 223 चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो, म्हणून एका कांस्याच्या चाकाला 223 दाते. मागच्या सर्पिल तबकडीवर तेवढीच घरं. ग्रहणाच्या महिन्याच्या घरात सूर्याचं की चंद्राचं, किती वाजता, हे कोरलेलं. चंद्राची कमी-जास्त गती तर एका चाकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत सरकवून साधली आहे, हे मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. 223 महिन्यांचं हे ग्रहणचक्र पूर्ण दिवसांपेक्षा सुमारे 8 तास लांब. म्हणून पुढच्या फेरीला 8, त्यापुढच्या फेरीला 16 तास ग्रहणाच्या वेळेत मिळवायला सांगणारी छोटी तबकडीही आहे.