बेंझीन आधी कापायचं की नंतर? रिफॉर्मरच्या फीडमागचा इतिहास

मुंबईत 1 एप्रिल 1995 पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभरच शिसं बंद झालं. माहुलच्या रिफायनऱ्या 1954-55 पासून चालू आहेत. इतक्या वर्षांत पेट्रोलच्या घडणीत याएवढा मोठा बदल क्वचितच झाला असेल, कारण शिशाचं संयुग अगदी थोड्या मात्रेत ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता, कित्येक अंकांनी वाढवत असे. ते काढल्यावर ती भर कुठून तरी आणायला हवी होती आणि तिचा मोठा वाटा नॅफ्था रिफॉर्मिंगवर, म्हणजे कच्च्या तेलातल्या हलक्या नॅफ्थ्याचे रेणू कॅटॅलिस्टवर बदलून ऑक्टेन वाढवण्याच्या प्रक्रियेवर आला.

रिफॉर्मिंग त्याआधीचंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉलिब्डेनम ऑक्साइडवर चालणारे प्लांट स्फोटकांसाठी टोल्युइन बनवत होते. 1949 मध्ये ॲल्युमिनावर बसवलेलं प्लॅटिनम आलं, 1960 च्या दशकाअखेरीस त्याच्या जोडीला रेनियम, आणि 1970 च्या दशकात प्लांट न थांबवता कॅटॅलिस्टवर साचणारा कार्बनचा थर, म्हणजे कोक, जाळत राहण्याची सोय. या शेवटच्या टप्प्यामुळे रिॲक्टरचा दाब 10 बारच्या खाली आणता आला. दाब कमी असला की हायड्रोजन सुटण्याच्या क्रिया सोप्या होतात, पण कोकही वेगाने साचतो. म्हणून जुन्या प्लांटना जास्त दाब धरून ठेवावा लागायचा.

ऑक्टेन कसा वाढतो हे सात कार्बनच्या एका रेणूवर चांगलं कळतं. मिथाइलसायक्लोहेक्झेनचा ऑक्टेन पंचाहत्तरच्या आसपास असतो. प्लॅटिनमवर त्याचे सहा हायड्रोजन अणू निघून गेले की टोल्युइन होतं आणि त्याचा ऑक्टेन शंभरच्या बराच वर जातो. ही क्रिया प्रचंड उष्णता खाते. म्हणून 500 अंशांच्या आसपास आत गेलेली वाफ पहिल्याच रिॲक्टरमध्ये 60 ते 100 अंशांनी थंड होते, तिला पुन्हा भट्टीतून न्यावं लागतं आणि तीन किंवा चार रिॲक्टर एकामागोमाग लावावे लागतात. पहिल्या रिॲक्टरमधली ही घसरण अचानक कमी झाली आणि परत फिरणाऱ्या वायूतली हायड्रोजनची शुद्धताही उतरली, तर आधी आत जाणाऱ्या मालातलं, म्हणजे फीडमधलं, गंधक तपासावं. गंधक काढणाऱ्या हायड्रोट्रीटरमधून ते अर्धा पीपीएमच्या वर निसटलं की प्लॅटिनम मंदावतं.

खरा गुंता सहा कार्बनच्या रेणूंचा आहे. नॅफ्थ्यातला मिथाइलसायक्लोपेंटेन 72 अंशांना उकळतो, सायक्लोहेक्झेन 81 ला, आणि रिफॉर्मरमध्ये दोन्ही बेंझीनकडे जातात. मिथाइलसायक्लोपेंटेनचा स्वतःचाच ऑक्टेन नव्वदच्या घरात आहे. म्हणजे त्याला रिफॉर्मरमध्ये घातल्याने ऑक्टेनची कमाई थोडी होते, काही भाग फुटून वायू होतो, आणि उरतं ते कर्करोगकारक बेंझीन. शिसं असताना याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 2005 मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांत बीएस-3 हे प्रदूषण मानक आलं, पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त 1 टक्का बेंझीन आणि किमान 91 ऑक्टेन अशी जोड अट बसली आणि रिफायनरीसमोर निवड आली: बेंझीन होऊ शकणारे रेणू रिफॉर्मरच्या आधीच कापायचे, की बेंझीन होऊ द्यायचं आणि नंतर बाहेर काढायचं.

आकडे मांडून पाहू. समजा 100 भाग पेट्रोलमध्ये 40 भाग रिफॉर्मेट, म्हणजे रिफॉर्मरमधून निघालेला माल, आहे, त्यात बेंझीन 5 टक्के आणि ऑक्टेन 98. 45 भाग जड तेल फोडणाऱ्या कॅटॅलिटिक क्रॅकरचं गॅसोलीन आहे, बेंझीन 0.8 टक्का आणि ऑक्टेन 92. उरलेले 15 भाग हलका नॅफ्था, बेंझीन नगण्य आणि ऑक्टेन 68. रिफॉर्मेटमधून 2.0 आणि क्रॅकरकडून 0.36 मिळून बेंझीन 2.36 टक्के होतं, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ऑक्टेनची सरळ बेरीज 90.8 येते, म्हणजे तोही किंचित कमीच. 1 टक्क्यात बसायचं तर रिफॉर्मेटमधलं बेंझीन 1.6 टक्क्यांवर आणायला हवं.

आधी कापायचं ठरलं तर नॅफ्था हलक्या आणि जड भागांत वेगळा करणाऱ्या स्प्लिटर स्तंभाच्या तळाचा, म्हणजे रिफॉर्मरच्या फीडचा, उकळण्याचा आरंभबिंदू साधारण 70 अंशांवरून 85-90 वर नेतात. खर्च थोडा असतो, कारण बऱ्याचदा जुनाच स्तंभ जास्त रिफ्लक्सवर, म्हणजे वरून निघालेला द्रव जास्त प्रमाणात परत आत सोडून, चालवून भागतं. पण रिफ्लक्स अपुरा पडला की सायक्लोहेक्झेन तळाला निसटतो आणि बेंझीन पुन्हा वर चढतं. उलट कट फार वर नेला तर सात कार्बनचे रेणू हलक्या नॅफ्थ्यात जातात. तो नॅफ्था तसाच मिसळला तर ऑक्टेन पडतो, कारण त्यात नॉर्मल हेक्झेन असतं आणि त्याचा ऑक्टेन 25 आहे. म्हणून सरळ रेणूंना फांद्या आणून ऑक्टेन वाढवणारं आयसोमरायझेशन युनिट लागतं. वरच्या मिश्रणात 68 च्या जागी 84 चा आयसोमरेट घातला की एकूण ऑक्टेन 93.2 होतो. मात्र सात कार्बनचे रेणू तिथे गेले की फुटून वायू होतात आणि उत्पादन घटतं. स्प्लिटरच्या तळाच्या नमुन्यात सहा कार्बनचे रेणू किती आणि वरच्या नमुन्यात सात कार्बनचे किती, हे दोन्ही आकडे क्रोमॅटोग्राफवर सोबत पाहिले तरच कट नीट बसलाय की नाही ते कळतं.

तरीही आधी कापणं हा अर्धाच उपाय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑक्टेन वाढवायला तापमान चढवलं की टोल्युइन आणि झायलीनच्या बाजूच्या साखळ्या तुटतात आणि फीडमध्ये सहा कार्बनचा एकही रेणू नसला तरी बेंझीन जन्माला येतं. जुन्या, जास्त दाबाच्या प्लांटमध्ये ते अधिक होतं. रिफॉर्मेट स्प्लिटर लावून बेंझीनचा मधला कट वेगळा काढला तर दोन्ही मार्गांनी आलेलं बेंझीन हाती लागतं. मग ते सॉल्व्हंटने वेगळं करून रसायन उद्योगाला विकता येतं. हायड्रोजन घालून त्याचा सायक्लोहेक्झेन करणं स्वस्त पडतं, पण त्यात रिफॉर्मरने दिलेले सहा हायड्रोजन अणू परत खर्चून ऑक्टेन खाली आणावा लागतो. एवढी उष्णता ओतून कमावलेलं असं परत देणं आम्हाला पटत नाही.

हायड्रोजनचा हा हिशेब पुढे आणखी घट्ट झाला. 2020 मध्ये बीएस-6 ने डिझेलमधलं गंधक 10 पीपीएमवर आणलं, आणि हायड्रोजनने डिझेलमधलं गंधक काढणाऱ्या युनिटचा एक ठरलेला पुरवठादार रिफॉर्मरच असतो. सहा कार्बनचे रेणू फीडमधून काढले की तोही हायड्रोजन घटतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. ते बेंझीन न आणता ऑक्टेन देतं, शिवाय विरळही करतं: आधी 0.96 टक्के बेंझीन असलेलं मिश्रण 80 भागांत धरलं तर शेवटी 0.77 टक्के उरतं. त्यामुळे रिफॉर्मरचं तापमान काही अंशांनी उतरवता येतं, कोक कमी बसतो आणि साखळ्या तुटून होणारं बेंझीनही घटतं. मात्र तापमान उतरवलं की हायड्रोजनही कमी सुटतो. म्हणून रिफॉर्मर किती सौम्य चालवायचा हे आता पेट्रोलच्या ऑक्टेनपेक्षा डिझेल युनिटच्या हायड्रोजन गरजेवर जास्त ठरतं.