क्रॉसवर्डीज

इंग्रजी शब्दकोड्यांत, विशेषतः अमेरिकी धाटणीच्या कोड्यांत, जे आखूड आणि स्वरबहुल शब्द रोजच्या वापरातून जवळजवळ नाहीसे झालेले असूनही किंवा मुळातच दुर्मीळ असूनही पुन्हा पुन्हा भेटतात, त्यांना क्रॉसवर्डीज म्हणतात. ओरिओ बिस्कीट, ईरी सरोवर, ऑपेरातले एकल गीत म्हणजे आरिया, तलवारबाजीतली एपे ही तलवार, कोरफडीसाठीचा ॲलो, समुद्रगरुडासाठीचा अर्न हे त्यातले नेहमीचे मानकरी. यांतले काही शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत, काही केवळ कोड्यांमुळे जिवंत आहेत. त्यांना एकत्र आणते ती त्यांच्या अक्षरांची मांडणी, अर्थ नव्हे.

कोडेकार आळशी असतो म्हणून हे शब्द येतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती बरोबर नाही. कारण जाळीच्या नियमांत आहे. अमेरिकी दैनिकातले नेहमीचे कोडे १५ बाय १५ घरांचे असते. काळी घरे साधारण एक षष्ठांशाच्या आत ठेवायची, तीनपेक्षा कमी अक्षरांचा शब्द चालत नाही, जाळी अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी तशीच दिसली पाहिजे, आणि सर्वांत जाचक अट म्हणजे प्रत्येक पांढरे घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असले पाहिजे. ब्रिटिश कोड्यात, आणि त्याच वळणाच्या आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांतल्या कूटकोड्यांत, शब्दाची साधारण निम्मीच अक्षरे दुसऱ्या शब्दाला छेदतात. उरलेली मोकळी असतात, म्हणून तिथे असे शब्द फारसे लागत नाहीत. मराठी शब्दकोड्यात तर एका घरात स्वरासकट पूर्ण अक्षर बसते. तिथे अडचण येते ती मात्रा-वेलांटी दोन्ही दिशांनी जुळण्याची, स्वर आणि व्यंजन आळीपाळीने येण्याची नाही.

अमेरिकी जाळीत मात्र सगळा खेळ त्या आळीपाळीचा आहे. इंग्रजी शब्द बहुधा व्यंजनाने सुरू होतात आणि त्यांत व्यंजन-स्वर-व्यंजन असा क्रम पुष्कळदा येतो. असा शब्द आडवा मांडला की त्याच्या प्रत्येक अक्षराखाली एक उभा शब्द सुरू होतो. व्यंजनाखाली बहुधा स्वर हवा असतो, स्वराखाली व्यंजन. म्हणजे दुसऱ्या ओळीचा शब्द पहिलीच्या नेमका उलट, स्वराने सुरू होणारा हवा, आणि इंग्रजीत असे चार अक्षरी शब्द तुलनेने कमी आहेत. शेवटीही स्वर हवा असेल तर यादी आणखीच आखूड होते. हे तीन-चार अक्षरी शब्द जिथे कामी येतात ती हीच जागा.

चार बाय चारचा एक कोपरा घेऊन पाहू. कोड्याची कल्पना पेलणारे लांब शब्द आधी बसतात, मग काळी घरे ठरतात आणि कोपरे शेवटी भरतात, त्यामुळे कोडेकाराच्या हाती बहुतेकदा अर्धवट अडकलेला चौकोन येतो. समजा, वरची ओळ ठरली आहे: टी, ए, पी, एस. टी-खाली स्वर, एच किंवा आर असे मोजकेच काही चालेल. ए-खाली व्यंजन हवे. पी-खाली पुन्हा स्वर, एल किंवा आर. एस-खाली स्वर ठेवला तर सर्वांत सोयीचे. म्हणजे स्वर, व्यंजन, स्वर, स्वर. या साच्यात बसणारा आणि लहान मुलालाही ठाऊक असणारा शब्द ओरिओ. तो बसवला की कोपरा असा पुरा होतो:

टी – ए – पी – एस
ओ – आर – ई – ओ
एम – ई – ए – एल
ई – ए – एस – ई

आडवे वाचले तर टॅप्स (नळ), ओरिओ, मील (जेवण), ईज (सहजता). उभे वाचले तर टोम म्हणजे जाडजूड ग्रंथ, एरिया, पीज म्हणजे मटार, आणि सोल म्हणजे बुटाचा तळवा. आठही शब्द स्वच्छ आहेत, एकही ओढूनताणून आणलेला नाही. दुसऱ्या ओळीत ओरिओ आणि दुसऱ्या स्तंभात एरिया आहे म्हणून हे साधले. या दोन स्वरबहुल शब्दांनी बाकीच्या सहांना आधार दिला.

आता तोच कोपरा सोडवणाऱ्याच्या बाजूने बघा. ‘मलईचे काळे सँडविच बिस्कीट’ आणि ‘लांबी गुणिले रुंदी’ एवढ्या दोनच सूचना त्याला चटकन कळल्या असे समजा. हे दोन शब्द आर या अक्षरावर छेदतात. चार अधिक चारातून एक वजा, म्हणजे सोळापैकी सात घरे भरली. शिवाय उरलेल्या सहाही शब्दांचे दुसरे अक्षर हाती आले, आणि ते प्रत्येक वेळी स्वर आहे. ‘जाडजूड ग्रंथ, चार अक्षरे’ ही सूचना एकटी अवघड वाटू शकते, पण दुसरे अक्षर ओ आहे हे कळल्यावर बरेच पर्याय गळतात. स्वरबहुल शब्द शिकून मिळणारा खरा लाभ हा आहे. ते शब्द स्वतः क्षुल्लक असतात, पण छेदणाऱ्या मोठ्या शब्दांना ते नेमके स्वर पुरवतात.

शिकायचे कसे, याला माझ्या मते एकच कामाची रीत आहे: शब्दांची यादी पाठ न करता सूचनांचे कुळ लक्षात ठेवायचे. ईरी दिसेल तेव्हा सूचनेत पाच महासरोवरांचा, १८२५ मध्ये खुल्या झालेल्या कालव्याचा किंवा पेनसिल्व्हेनियातल्या शहराचा उल्लेख असतो. ॲलो असेल तर उन्हाने भाजलेली त्वचा, मलम किंवा लोशन. एपे असेल तर ऑलिंपिकमधली तलवार. तीन अक्षरांत संगीत निर्माता आणि ध्वनिप्रयोग आले की ब्रायन ईनो, तीन अक्षरांत जॉन लेननची पत्नी आली की योको ओनो. कोडेकार सोमवारी ही सूचना सरळ देतो आणि आठवडा पुढे सरकेल तशी ती वाकडी करत शनिवारी सर्वांत अवघड करतो. उत्तर मात्र तेच राहते, म्हणून कुळ ओळखता येणे महत्त्वाचे.

फसगत होते ती जुळ्या शब्दांत. ओ-एल-ई-ओ म्हणजे लोण्याऐवजीचे मार्गारीन, ओ-एल-आय-ओ म्हणजे नाना वस्तूंची सरमिसळ, आणि ओ-आर-ई-ओ म्हणजे बिस्कीट. सूचना नीट वाचली तर तिन्ही वेगळे आहेत, पण घाईत हात चुकीच्या अक्षराकडे जातो. आटलेला अरल समुद्र आणि उरल नदी किंवा पर्वतरांग यांतही पहिल्याच अक्षराचा फरक आहे. अर्न हा समुद्रगरुड आणि टर्न म्हणजे आपला सुरय, हे दोघेही ‘पाण्याकाठचा पक्षी’ या सूचनेत मावतात. अशा वेळी ज्या अक्षराची खात्री आहे तेवढेच लिहावे. अरल की उरल कळत नसेल तर आर, ए, एल भरून पहिले घर रिकामे ठेवावे. चुकीचा स्वर ठासून लिहिला की छेदणारा शब्द जुळेनासा होतो, आणि दोष नेमका कुठे आहे हे शोधताना अख्खा कोपरा पुसावा लागतो. एखाद्या कोपऱ्यात उत्तर म्हणून केवळ अशक्य अक्षरजुळणीच उरत असेल, तर सर्वांत आधी त्यातल्या छोट्या शब्दावर शंका घ्यावी.

ही शब्दसंपदा काळाप्रमाणे बदललीही आहे. आर्थर विन यांनी रचलेले जगातले पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात छापले गेले, आणि न्यूयॉर्क टाइम्सने १९४२ मध्ये मार्गारेट फरार यांच्या संपादनाखाली कोडी सुरू केली. त्यानंतर कित्येक दशके कोडेकाराचा आधार मोठा शब्दकोश हाच होता. त्या काळच्या कोड्यांत अँग्लो-सॅक्सन काळातला वेठबिगार (ई-एस-एन-ई), सुलावेसी बेटावरचा छोटा रेडा (ए-एन-ओ-ए) आणि सुया ठेवण्याची फ्रेंच डबी (ई-टी-यू-आय) हे पाहुणे सतत येत. ओरिओसुद्धा आधी बिस्कीट म्हणून येत नसे, बाजारातली नावे टाळण्याच्या रीतीमुळे तो डोंगरासाठीचा ग्रीक उपसर्ग म्हणून येई. वास्तविक ते बिस्कीट १९१२ पासूनच विकले जात होते. १९९३ मध्ये विल शॉर्ट्झ टाइम्सच्या कोड्यांचे संपादक झाल्यावर रोजच्या आयुष्यातली नावे मोकळेपणाने येऊ लागली आणि वेठबिगार, रेडा, डबी मागे पडले. आज पुष्कळ कोडेकार संगणकावर शब्दांना गुण देऊन ठेवतात आणि कमी गुणांचे शब्द टाळतात. पण जाळीचा नियम बदललेला नाही, म्हणून स्वरबहुल जागा भरणारे नवे चेहरे येतात: उमा थर्मनमधली उमा, अभिनेत्री ईसा रे मधली ईसा. मला हा बदल चांगला वाटतो, कारण जिवंत माणसाचे नाव निदान कोड्याबाहेरही कानावर पडते.

नावांची एक मर्यादा मात्र आहे. दोन अनोळखी नावे एकमेकांना छेदली तर छेदाचे अक्षर तर्काने मिळत नाही. २००८ मधल्या एका कोड्यात मॅसॅच्युसेट्समधले नॅटिक हे गाव चित्रकार एन. सी. वायेथ यांच्या आद्याक्षराला छेदत होते, आणि ते एकच घर अनेकांना अडले. तेव्हापासून अशा छेदाला इंग्रजी कोडेजगतात नॅटिक म्हणतात. एक क्रॉसवर्डीज शब्द साध्या शब्दांनी वेढलेला असेल तर तो चालतो, दोघे एकत्र आले की कोडे अन्यायी होते.

मराठी माणसाला या यादीत एक वाटा आयता मिळतो. आग्रा, राणी, राजा, साडी, राग, नान, डाळ, आया हे शब्द अमेरिकी कोड्यांत नेहमी भेटतात, कारण आपल्या शब्दांत व्यंजनामागोमाग स्वर येतो आणि शेवट पुष्कळदा ‘आ’ किंवा ‘ई’ने होतो. अर्थ क्षणात कळतो, अडते ते स्पेलिंग. राणी चार अक्षरांत आय-ने संपते आणि पाच अक्षरांत दोन ई-नी. राजा चार अक्षरांचा असतो किंवा शेवटी एच लागून पाचांचा. डाळ तीन अक्षरांचीही असते आणि चारांचीही, आणि चारांत एच कधी डी-नंतर येतो, कधी ए-नंतर. नानमध्ये एक ए किंवा दोन. म्हणून घरे आधी मोजावीत, आणि घरे मोजूनही डाळीचा एच कुठे हे ठरत नसेल, तर तो तिला छेदणाऱ्या उभ्या शब्दावर सोडावा.