फोटोतला ९१६ काय सांगतो?

“विकणाऱ्याने पाठवलेल्या दागिन्याच्या फोटोत ९१६ स्पष्ट दिसतंय, म्हणजे सोनं बावीस कॅरेटचंच ना?”

नाही. तो आकडा पितळेवरही ठोकता येतो. जुलै २०२१ पासूनच्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा त्रिकोणी शिक्का, 22K916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र नंबर. हा एचयूआयडी BIS Care अ‍ॅपमधल्या Verify HUID मध्ये टाका. समजा फोटो बांगडीचा आहे आणि अ‍ॅप ‘अंगठी’ दाखवतंय. तर तो नंबर दुसऱ्याच दागिन्याचा आहे, व्यवहार तिथेच थांबवा.

जुळला तरी नंबर खरा एवढंच कळतं. खऱ्या बांगडीचा नंबर खोटीवर कोरता येतो, आणि हॉलमार्कनंतर लावलेला डाग, म्हणजे जोडकामाचा हलका धातू, फोटोत दिसत नाही. म्हणून पैसे देण्याआधी तीच बांगडी हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या.