रात्रीच्या रस्त्यावरचे 'रेडियम': पट्ट्या, कॅट आय आणि कडेचे खांब

ऊसाच्या ट्रॉलीमागची लाल पट्टी, नंबर प्लेटचा कागद, दुभाजकावरचा बिल्ला, रस्त्यात बसवलेली कॅट आय, या सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द आहे: रेडियम. गेल्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळाचे काटे आणि आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. तो रंग कुठल्याही दिव्याशिवाय स्वतः उजळत असे. पुढे तो वापर थांबला, पण शब्द टिकला आणि अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला चिकटला.

या शब्दाने एक चुकीची समजूत रुजवली आहे. रस्त्यावरचे 'रेडियम' स्वतः चमकत नाही. त्यातले काचेचे मणी किंवा प्लास्टिकचे बारीक लोलक आलेला प्रकाश जवळपास आल्या वाटेनेच परत पाठवतात. आरसा प्रकाश पुढे फेकतो, चुना लावलेला दगड तो चहूकडे विखुरतो, हे साधन मात्र तो दिव्याकडेच परत पाठवते. म्हणून गाडीतून झगझगीत दिसणारी कॅट आय शेजारी उभ्या माणसाला मेलेली वाटते. रात्री पाहणी करताना बॅटरी कमरेजवळ धरली, तर चांगले बिल्लेही खराब ठरतात. बॅटरी डोळ्याच्या बाजूला, कानाजवळ धरली की तेच बिल्ले उजळतात.

ट्रकचालकाची अडचणही इथूनच सुरू होते. मोटारीत हेडलाइट आणि चालकाचा डोळा यांच्या उंचीत साधारण अर्ध्या मीटरचा फरक असतो, ट्रकमध्ये सुमारे दीड मीटरचा. शंभर मीटरवरच्या बिल्ल्यापाशी हा फरक मोटारीसाठी 0.3 अंशाच्या आसपास भरतो आणि ट्रकसाठी 0.9 अंशाच्या. परतीचा प्रकाश अगदी अरुंद झोतात येत असल्यामुळे एवढ्या फरकानेही तो बराच कमी होतो. एकाच रस्त्यावर एकाच रात्री मोटारवाल्याला कॅट आयची माळ स्पष्ट दिसते आणि मागच्या ट्रकवाल्याला ती फिकट दिसते. पाहणी बहुधा मोटारीतून होते, याचा विचार व्हायला हवा.

मूळ कॅट आय ब्रिटनमधली. यॉर्कशायरमधल्या रस्त्यांची कामे करणाऱ्या एका माणसाने 1934 मध्ये तिचे पेटंट घेतले. ओतीव लोखंडाच्या बैठकीत रबराचा ठोकळा आणि त्यात दोन्ही दिशांना काचेच्या डोळ्यांची एकेक जोडी, अशी ती रचना. टायर वरून गेला की रबर दबे, डोळे आत जात आणि रबराच्याच कडेने पुसले जात. पावसाचे पाणी बैठकीत साठलेले असे, ते या पुसण्याला कामी येई. महायुद्धात दिवेबंदीमुळे हेडलाइट झाकावे लागले आणि ही वस्तू ब्रिटनभर पसरली. आपण ज्याला कॅट आय म्हणतो ती वेगळी वस्तू आहे: प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा चपटा बिल्ला, डांबरावर चिकटवलेला किंवा खुंटीने आत रोवलेला. ती स्वतःला पुसत नाही. उन्हाळ्यात धुळीचा थर बसतो, दर्शनी भागावर ओरखडे पडतात आणि रस्त्यावर नवा डांबराचा थर देताना जुने बिल्ले काढले नाहीत तर ते खालीच गाडले जातात.

कडेची पट्टी त्यानंतरची. 1950 च्या दशकात अमेरिकेत एका रसायन अभियंत्याच्या लक्षात आले की समोरून दिवे आले की चालक मधल्या रेषेला चिकटतात, कारण रात्री दिसणारी खूण तेवढीच असते. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या त्या देशात त्याने उजव्या कडेला पांढरी रेषा ओढून पाहण्याचा आग्रह धरला आणि कनेक्टिकटमधल्या एका महामार्गावर तशी चाचणी झाली. समोरचा झोत डोळ्यावर आला की नजर कडेच्या रेषेवर उतरवायची, ही आजची शिकवण त्या विचाराशी जुळते.

आपल्याकडची पट्टी गरम वितळवून ओततात. थर 2.5 मिलिमीटरचा आणि त्यावर चौरस मीटरला 250 ग्रॅम काचमणी. मणी अर्ध्याहून थोडे जास्त रुतले तर काम करतात. पूर्ण बुडाले तर पट्टी दिवसा पांढरीशुभ्र आणि रात्री काळी, वरवर बसले तर महिन्याभरात उडून जातात. पावसात चांगली पट्टीही हरते, कारण मण्यांवर पाण्याचा पडदा येतो आणि हेडलाइटचा प्रकाश आरशासारखा पुढे निसटतो. जुलैच्या घाटात पट्टी गायब होते ती यामुळे. बिल्ल्याचे तोंड पाण्याच्या पातळ थराच्या वर राहते, म्हणून त्या वेळी भिस्त त्याच्यावर. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. रस्ता किमान 1.8 सेकंद आधी दिसावा असे युरोपातल्या अभ्यासात मानले गेले. म्हणजे या वेगाला 40 मीटर, आणि भिजलेली पट्टी तेवढीही दिसेलच असे नाही.

रंगांची भाषा आपण ब्रिटिश वळणाची घेतली. डाव्या कडेला लाल, दुभाजकाकडे पिवळा, मार्गिकांमध्ये पांढरा, आणि जिथे कड ओलांडून बाहेर पडता येते तिथे हिरवा. लाल बिल्ले उजवीकडे दिसू लागले तर थांबायला हवे. अमेरिकेत मात्र लाल तोंड उलट दिशेने आलेल्याला दिसते आणि 'चुकीच्या बाजूने आलात' असे सांगते.

कडेच्या खांबांचे काम दूरचे. आपल्याकडे ते आधी चुना लावलेल्या दगडांनी आणि गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेल्या वडा-चिंचेच्या बुंध्यांनी केले. पट्टी पुढचे काही मीटर दाखवते, खांबांची रांग वळण कुठल्या बाजूला आणि किती तीव्र आहे ते सांगते. म्हणून वळण जितके तीव्र तितके खांब जवळ हवेत आणि काही खांब एकाच वेळी नजरेत हवेत. पण फिनलंडमधल्या अभ्यासात अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर परावर्तक खांब लावल्यानंतर रात्रीचा वेग ताशी 5 ते 10 किलोमीटरने वाढला आणि अंधारातले जखमी करणारे अपघातही वाढले. चांगल्या आखणीच्या रस्त्यांवर हा परिणाम कमी होता. दूरचे वळण दिसले म्हणजे खड्डा, गुरे किंवा बंद पडलेला ट्रॉली-ट्रॅक्टर दिसला असे नाही. आपल्या राज्य मार्गांवर खांब उभारताना हा मुद्दा फारसा निघत नाही.

सौर बिल्ले मात्र खरोखर स्वतः पेटतात. हेडलाइट न पोहोचणाऱ्या वळणापलीकडेही ते दिसतात आणि ट्रकवाल्यालाही मोटारीइतकेच उजळ दिसतात. वाद लुकलुकण्यावरून आहे. चौकाआधी इशारा म्हणून लुकलुकणे योग्य, पण रांगेने कड दाखवणारे बिल्ले प्रत्येकी आपापल्या तालात लुकलुकले की रेषा तुटते आणि वळण वाचता येत नाही. तिथे ते स्थिर जळायला हवेत. दुसरा प्रश्न बॅटरीचा. ती दमली की बिल्ला संध्याकाळी नीट पेटतो आणि पहाटेआधी विझतो, म्हणून सात वाजताच्या पाहणीत सगळे ठीक दिसते. तीन वाजता एकदा त्याच रस्त्यावरून गेल्याशिवाय ते कळत नाही.