टॅब पुन्हा लोड होणे (मोबाइल ब्राउझर)

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एखादे पान उघडे ठेवून दुसऱ्या ॲपमध्ये गेल्यावर आणि परत आल्यावर ते पान आपोआप नव्याने लोड होणे, आणि त्यात भरलेला मजकूर नाहीसा होणे, या घटनेला बोलीत ‘टॅब रिफ्रेश झाली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात रिफ्रेश असे काही झालेले नसते. रॅम कमी पडल्यामुळे फोनच्या प्रणालीने ते पान चालवणारी प्रोसेस मधल्या काळात बंद केलेली असते. परत आल्यावर दिसते ते त्याच पत्त्यावरून आणलेले दुसरे पान असते. या नोंदीत मुख्यतः अँड्रॉइडवरील क्रोमचा विचार केला आहे.

नेहमीचा प्रसंग असा. ३ जीबी रॅमच्या फोनवर एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आहे. नाव, पत्ता, बँकेचा खातेक्रमांक भरून झाला आहे. पुढे फोटो जोडायचा आहे, म्हणून ती ‘फाइल निवडा’ या बटणावर बोट ठेवते आणि समोर आलेल्या पर्यायांतून कॅमेरा निवडते. त्या क्षणी ब्राउझर मागे जातो आणि कॅमेरा पुढे येतो. कॅमेरा हे फोनमधल्या सर्वांत खादाड ॲपपैकी एक. १२ मेगापिक्सेलचे एक चित्र उलगडलेल्या रूपात स्मृतीत ठेवायचे तर दर बिंदूला ४ बाइट धरून सुमारे ४८ एमबी जागा लागते, आणि आजचे कॅमेरे एका फोटोसाठी अशी अनेक चित्रे एकदम हाताळतात. जागा हवी म्हणून प्रणाली मागे गेलेल्या ब्राउझरचे पान बंद करते. फोटो काढून, बरोबरची खूण दाबून ती परत येते, तर अर्ज कोरा. फोटोही हरवतो, कारण ज्या पानाने तो मागितला ते पानच उरलेले नसते. असा फोटो ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये जात असल्याने तो बहुधा गॅलरीतही सापडत नाही.

संगणकावर हे इतके सर्रास होत नाही, कारण तिथे रॅम भरली की प्रणाली न वापरलेला भाग डिस्कवर नेऊन ठेवते. फोनमध्ये ही सोय पूर्वीपासून टाळली गेली: फ्लॅश साठवण सतत लिहिण्याने झिजते आणि रॅमच्या मानाने मंद असते. त्याऐवजी अँड्रॉइड झीरॅम वापरते, म्हणजे न वापरलेला भाग रॅममध्येच दाबून लहान करून ठेवते. तेवढ्याने भागले नाही की मग प्रोसेस मारणे हाच मार्ग उरतो. हा बिघाड नाही. मुळातली रचनाच तशी आहे. ॲप कधीही मारले जाऊ शकते आणि त्याने आपली अवस्था वेळीच जपून ठेवावी, हे गृहीत धरूनच अँड्रॉइड बांधलेले आहे. बहुतेक ॲपना ते जमते. ब्राउझरची अडचण अशी की त्याच्या पोटात दुसऱ्याच कुणाची पाने चालतात.

मारायचे कुणाला हे lmkd नावाचा एक अंतर्गत कार्यक्रम ठरवतो. प्रत्येक प्रोसेसवर oom_score_adj नावाचा एक आकडा लावलेला असतो. आकडा जितका मोठा, तितकी त्या प्रोसेसची पाळी लवकर. पडद्यावर चालू असलेल्या ॲपचा आकडा ०. पूर्ण पुढे नसलेल्या पण दिसत असलेल्याचा १००, पार्श्वभूमीला गाणे वाजवणाऱ्याचा २००. नुकतेच सोडलेले, म्हणजे आत्ताच्या ॲपच्या लगेच आधीचे, त्याला ७००. त्याहून जुनी सगळी ॲप ९०० ते ९९९ या पट्ट्यात जातात आणि पहिला घाव तिथेच पडतो.

हा ७०० चा आकडा समजून घेण्यासारखा आहे. अर्जातून थेट मेसेजमध्ये जाऊन ओटीपी पाहून परत येणारा सहसा सुखरूप असतो, कारण ब्राउझर ‘लगेच आधीचे ॲप’ म्हणून थोडा जपला जातो. तोच माणूस मेसेजमधून व्हॉट्सॲपवर, तिथून गॅलरीत आणि मग ब्राउझरकडे वळला तर ब्राउझर तोवर नऊशेच्या पट्ट्यात ढकललेला असतो. बाहेर किती मिनिटे होतो यापेक्षा मध्ये किती आणि कोणती ॲप उघडली याला अधिक महत्त्व आहे.

त्यात आणखी एक पायरी आहे. क्रोम ही एकच प्रोसेस नाही. मुख्य प्रोसेस पत्त्याची पट्टी, टॅबची यादी वगैरे सांभाळते आणि पाने वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. यादीत त्यांची नावे com.android.chrome:sandboxed_process0 अशा धर्तीची दिसतात. सुरक्षिततेसाठी केलेली ही विभागणी स्मृतीच्या टंचाईत वेगळाच परिणाम घडवते: मुख्य प्रोसेस जिवंत राहते आणि पानाची प्रोसेस आधी जाते. म्हणून पुष्कळदा ब्राउझर क्षणात उघडतो, टॅबही जागेवर असते, फक्त आतले पान पांढरे होऊन पुन्हा येऊ लागते. मुख्य प्रोसेसही गेली असेल तर ॲपचे चिन्ह असलेला सुरुवातीचा पडदा झळकतो आणि मग ज्या ज्या टॅबवर जाल ती ती नव्याने लोड होते.

मारण्याची क्रिया ९ क्रमांकाच्या सिग्नलने होते आणि तो सिग्नल कुणालाही अडवता येत नाही. ‘हे पान सोडायचे आहे का? भरलेली माहिती जाईल’ अशी जी चौकट संगणकावर येते ती इथे येत नाही, कारण ती दाखवणाऱ्या पानाला मरणापूर्वी एक शब्दही बोलायची सवड मिळत नाही.

तरीही कधी कधी भरलेली माहिती परत दिसते, आणि त्यामुळे लोक आणखी गोंधळतात. ब्राउझर टॅबचा इतिहास जपताना पान कुठवर सरकवले होते आणि चौकटींत काय लिहिले होते याचीही नोंद अधूनमधून करून ठेवतो. पान परत आले की तो त्या नोंदीतले मजकूर नाव जुळणाऱ्या चौकटींत घालून पाहतो. साध्या, सर्व्हरकडून पूर्ण तयार येणाऱ्या फॉर्ममध्ये हे छान जमते. पण पासवर्डच्या चौकटी मुद्दाम वगळलेल्या असतात. ज्या चौकटीवर संकेतस्थळाने autocomplete="off" लिहिले आहे तीही वगळली जाते, आणि बँका व सरकारी अर्ज ही सूचना सढळ हाताने वापरतात. पान उघडल्यावर स्क्रिप्टने उभ्या केलेल्या चौकटी सहसा रिकाम्याच राहतात. एकावर एक अवलंबून असलेल्या याद्यांचे तर हसेच होते: जिल्हा परत दिसतो, पण तालुक्याची यादी जिल्हा निवडल्यावर सर्व्हरकडून येणारी असते, त्यामुळे ती अनेकदा कोरी राहते.

अनेक टप्प्यांच्या अर्जात आणखी एक खोच आहे. ‘पुढे’ दाबल्यावर आलेले पान हे नुसत्या पत्त्याचे नसते. आधीची माहिती पाठवल्याचे ते उत्तर असते. ते पुन्हा आणायचे तर माहितीही पुन्हा पाठवावी लागेल, आणि ती दोनदा गेली तर दोनदा पैसे कापले जाण्याचीही शक्यता. म्हणून क्रोम ते आपणहून करत नाही आणि पानाऐवजी ERR_CACHE_MISS दाखवतो. पैसे भरण्याच्या टप्प्यावर हे दिसले तर लगेच रिलोड न करता आधी खात्यातून रक्कम गेली का ते पाहावे.

प्रत्येक हरवलेल्या फॉर्मला स्मृती जबाबदार नसते. पान परत आले, पण लॉगिन करा किंवा सेशन संपले असे म्हणत असेल, तर प्रोसेस मेलीही नसेल. सर्व्हरने ठरावीक वेळेनंतर ओळख मोडीत काढली. हे रॅम कितीही असली तरी होते. काही कंपन्यांच्या फोनमधली बॅटरी वाचवण्याची व्यवस्था रॅम भरपूर असतानाही मागची ॲप बंद करते. पडदा काही वेळ बंद ठेवल्यावरच त्रास होत असेल तर शंका तिच्यावर घ्यावी. खात्री करायची असेल तर अँड्रॉइड ११ आणि पुढच्या फोनवर प्रणाली ॲप का बंद पडले याची नोंद ठेवते आणि ती संगणकाला जोडून वाचता येते:

```
adb shell dumpsys activity exit-info com.android.chrome
```

त्यात LOW_MEMORY असे कारण दिसले तर प्रश्न मिटला. काही फोन या कारणाची नोंद करत नाहीत. तिथे केवळ सिग्नल ९ ने बंद झाल्याचे दिसते.

वापरणाऱ्याच्या हातात उरते ते इतकेच: मारण्याची वेळच येऊ न देणे. फोटो आणि कागदपत्रे अर्ज उघडण्याआधी काढून ठेवली, तर मध्ये कॅमेरा उघडावा लागत नाही. हा एकच बदल सर्वांत जास्त उपयोगी पडतो. लांब उत्तरे टिपणवहीच्या ॲपमध्ये लिहून मग चिकटवावीत. दोन ॲप एकदम लागणार असतील तर पडदा विभागून दोन्ही समोर ठेवावीत, कारण दिसत असलेले ॲप प्रणाली शेवटपर्यंत सोडत नाही. ओटीपी तर सूचनेच्या पट्टीतच वाचता येतो, त्यासाठी मेसेज उघडण्याची गरज नाही. ‘रॅम साफ करा’ म्हणणारी ॲप मात्र नेमकी उलटी वागतात: ती मागची ॲप मारतात, आणि मागे आपला अर्ज असतो.

आयफोनवर तत्त्व तेच आहे. तिथे मारणाऱ्या यंत्रणेला जेटसॅम म्हणतात आणि सफारीही पाने वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवते. २०१० च्या पहिल्या आयपॅडमध्ये २५६ एमबी रॅम होती आणि त्या सफारीत दोन-तीन जड पाने उघडली की आधीचे पुन्हा लोड होणे नित्याचेच होते. पुढे रॅम वाढली, पण पानेही फुगत गेली.

खरा उपाय संकेतस्थळ बांधणाऱ्याकडे आहे. पान बंद होताना सावध करणारी घटना मोबाइलवर भरवशाची नाही. भरवशाची शेवटची घटना म्हणजे पान नजरेआड होणे. त्या क्षणी मसुदा फोनवरच ठेवता येतो:

```
const box = document.querySelector('textarea');
document.addEventListener('visibilitychange', () => {
  if (document.visibilityState === 'hidden')
    localStorage.setItem('masuda', box.value);
});
```

पान उघडताना हीच नोंद वाचून चौकटीत घालायची आणि अर्ज दाखल झाला की पुसायची. आधार क्रमांक, पासवर्ड किंवा खातेक्रमांक अशा रीतीने ठेवू नये, कारण तो फोनवर उघडा पडून राहतो आणि पुष्कळ घरांत एकच फोन चौघे वापरतात. त्या माहितीसाठी प्रत्येक टप्पा सर्व्हरवरच मसुदा म्हणून जतन करणे आणि अर्जाला क्रमांक देणे हीच पद्धत योग्य. मग प्रोसेस मेली तरी लॉगिन करून त्याच टप्प्यावरून पुढे जाता येते. फार तर चालू पानावरच्या चार चौकटी पुन्हा भराव्या लागतात.