पहिले क्लाइंबिंग शूज: नंबर आणि रिकामी जागा

रोजच्या बुटात अंगठ्यापुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण चालताना पाऊल पुढे सरकते. कड्यावर मात्र हीच जागा नडते. अरुंद खाचेवर अंगठ्याच्या जोरावर उभे राहिले की भार बुटाच्या पुढच्या काही मिलिमीटरवर येतो आणि तिथे आत बोट नसेल तर तळ वाकून पाय निसटतो.

युरोपीय मापात एक नंबर म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटर. त्यामुळे रोजचा 42 नंबरचा बूट आतून साधारण 280 मिलिमीटर आणि त्यातले पाऊल 265 मिलिमीटर असेल, तर मधली 15 मिलिमीटर वजा करून 40 च्या आसपासचा नंबर निघतो. तरीही या आकड्यावर विसंबून जोड मागवणे मला धोक्याचे वाटते, कारण काही उत्पादक ही वजाबाकी आधीच करून नंबर छापतात आणि मग तोच माणूस पुन्हा दोन नंबर खाली उतरतो.

पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी आणि मोज्यांशिवाय घ्यावे. सगळी बोटे पुढच्या टोकाला टेकलेली, सपाट किंवा किंचित वाकलेली असावीत. टाचेमागे पोकळी नसावी. चवड्यावर उभे राहून टाच उचलली असता बूट मागून सुटू नये. नंतर बूट दहा मिनिटे पायात ठेवून काय जाणवते ते पाहावे. पाऊल सगळीकडून सारखे आवळल्यासारखे वाटणे ठीक आहे. एकाच जागी टोचणे, विशेषतः अंगठ्याच्या सांध्यावर किंवा टाचेच्या शिरेवर, तसेच मुंग्या येणे वा बोट बधिर होणे ही मात्र बूट लहान किंवा आपल्या पायाच्या आकाराला न जुळणारा असल्याची खूण आहे. दुसरे बोट अंगठ्याहून लांब असेल, तर टोकदार बुटात आधी तेच बोलू लागते.

टोक खाली वळलेले बूट, म्हणजे डाउनटर्न, पुढे झुकलेल्या भिंतीवर उपयोगी पडतात, कारण तिथे पायाच्या बोटांनी पकड आपल्याकडे ओढावी लागते. उभ्या किंवा उताराच्या खडकावर जास्तीत जास्त रबर टेकवायचे असते आणि तिथे हाच बाक आड येतो. नवशिक्याचा बराच वेळ अशाच सोप्या चढाईत जात असल्याने पहिला जोड सपाट तळाचा बरा.

राहिला प्रश्न सैल होण्याचा. अस्तर नसलेले चामडे वापराने अर्धा ते एक नंबर ताणते, कृत्रिम कापड फारसे ताणत नाही. त्यामुळे चामड्याचा बूट दुकानात थोडा जास्त घट्ट लागला तर चालतो, पण कृत्रिम कापडाचा बूट पहिल्या दिवशी दुखला, तर तो महिन्यानंतरही जवळपास तेवढाच दुखेल.